फोटोतला अपठित उतारा : पूर्ण वाक्यात, पुराव्यासह उत्तरे कशी लिहावीत

पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो आणि सोबत 'उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा' एवढीच सूचना असते. उतारा आधी कधी वाचलेला नसतो. अशा वेळी बहुतेक जण थेट पहिल्या प्रश्नावर उडी घेतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो जिथे सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवतात. दोन-तीन प्रश्नांपर्यंत हे चालून जाते. पुढे जिथे कारण विचारलेले असते किंवा उत्तर दोन वाक्यांत वाटले गेलेले असते, तिथे ही रीत हमखास फसते.

या लेखात एक छोटा उतारा घेऊन फोटो तपासण्यापासून शेवटच्या उत्तरापर्यंत सगळे काम करून दाखवले आहे. उतारा आणि प्रश्न या लेखासाठीच तयार केले आहेत.

आधी फोटो वाचण्याजोगा आहे का ते पाहा

उतारा वाचण्याआधी पानाच्या चारही कडा बघा. वरची पहिली ओळ वाक्याच्या मधूनच सुरू होत असेल, तर उताऱ्याचा काही भाग मागच्या पानावर आहे. शेवटच्या ओळीत पूर्णविराम नसेल, तर तो पुढच्या पानावर गेला आहे. प्रश्नांचे क्रमांक सलग आहेत का, हेही मोजा. फोटोच्या तळाशी एखादा प्रश्न अर्धा कापला जाणे फारच नेहमीचे आहे. पानाच्या खाली किंवा बाजूला शब्दार्थांची चौकट असेल तर तीही उताऱ्यासोबत वाचायची असते, कारण प्रश्न कधी कधी तिच्यावरच बेतलेला असतो.

फोटो तुम्हीच काढणार असाल, तर पान सपाट ठेवा, मोबाइल पानाला समांतर धरा आणि उजेड बाजूने येऊ द्या. डोक्यावर दिवा असला की हाताची आणि मोबाइलची सावली नेमकी मजकुरावर पडते. जाड पुस्तकात शिलाईकडची बाजू आत वळते आणि प्रत्येक ओळीचे एक-दोन शब्द दबतात. अशा वेळी पानाचा एकच फोटो काढण्यापेक्षा वरच्या व खालच्या अर्ध्या भागाचे दोन फोटो काढावेत आणि दोन्हींत मधल्या दोन-तीन ओळी येऊ द्याव्यात.

मराठी मजकुरात फोटो धूसर झाला की सगळ्यात आधी शिरोरेघेच्या वरची आणि अक्षराच्या खालची चिन्हे जातात. अनुस्वार, रफार, मात्रा, उकार ही ती चिन्हे. अनुस्वार गेला तर 'झाडांवर'चे 'झाडावर' होते आणि अनेक झाडांचे एकच झाड उरते. उलट, कागद पातळ असेल तर मागच्या बाजूच्या छपाईचा ठिपका अनुस्वारासारखा दिसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या नीट बघून घ्या. आकड्यांत १ आणि ९ यांची गल्लत होते. शंका आली की तोच शब्द किंवा तोच आकडा पानावर दुसरीकडे स्पष्ट छापलेला आहे का ते शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा.

आता उतारा. फोटोत दुसऱ्या परिच्छेदातली काही अक्षरे पुसट झाली आहेत, असे समजा. न दिसणाऱ्या जागी रेघ ओढली आहे.

> पावसाळ्याच्या तोंडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजते. डोक्यावर पिवळाधमक रंग चढलेला नर गवताच्या लांब पात्यांच्या पट्ट्या चोचीने ओढून काढतो आणि फांदीच्या टोकाला त्यांच्या गाठी मारून विणायला सुरुवात करतो. वसाहतीसाठी बहुधा काटेरी झाड किंवा पाण्यावर झुकलेल्या फांद्या निवडल्या जातात. अशा ठिकाणी साप आणि इतर शत्रू सहज पोहोचू शकत नाहीत.
>
> वीण अर्धी होते तेव्हा घरटे टोपीसारखे दिसते. या अवस्थेला पोहोचायला सुमारे ८ दिवस लागतात. मग नर पंख फडफडवून माद्यांचे लक्ष वेधतो. मादी येते, विणीची पाहणी करते आणि घरटे पसंत पडले तर__ जोडी जमते. त्यानंतरच नर खाली लोंबणारी प्रवेशाची नळी विणून ते पूर्ण करतो. संपूर्ण घरट्याला सुमारे __८ दिवस लागतात. नापसंत झालेली घरटी मात्र बहुधा अर्धवटच लटकत राहतात.
>
> घरट्याच्या आतल्या बाजूला नर ओल्या मातीचे गोळे चिकटवतो. वाऱ्यात घरटे स्थिर राहावे म्हणून ही माती असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रात्री उजेड मिळावा म्हणून त्या मातीत काजवे बसवले जातात, असे लोक सांगतात; पण त्याला पुरावा मिळालेला नाही. अंडी उबवण्याचे काम मादी एकटी करते.

दोन जागा गेल्या आहेत. पहिली जागा 'तर'नंतरची. तिथे 'च' असेल तर वाक्याचा अर्थ होतो 'पसंत पडले तरच जोडी जमते, एरवी नाही'. तिथे काहीच नसेल तर वाक्य साधी अट सांगते. व्याकरणात दोन्ही बसतात, म्हणून एका अक्षराचा हा फरक अंदाजाने भरू नये. शेजारची वाक्ये 'तरच'कडे झुकतात, कारण पुढे 'त्यानंतरच' आहे आणि नापसंत घरटी अर्धवट राहतात असेही सांगितले आहे. तरीही एवढ्यावर 'तरच' असे अवतरणात लिहिणे चुकीचे. मूळ पान पुन्हा बघता आले तर बघा. नाही तर उत्तरात त्या वाक्याचा फक्त स्पष्ट दिसणारा भाग घ्या.

दुसरी जागा आकड्याची. '_८' म्हणजे ८, १८ किंवा २८, काहीही असू शकते. निव्वळ ८ मात्र नाही, कारण निम्म्या विणीलाच सुमारे ८ दिवस लागतात असे दोनच ओळी आधी छापले आहे. उताऱ्यातूनच एक शक्यता बाद झाली. पण १८ की २८ हे उताऱ्यातून ठरत नाही, त्यामुळे इथे पानाचा नवा फोटो मिळवण्यावाचून इलाज नाही. नवा फोटो आला, त्यात 'तरच' आणि '१८' स्पष्ट दिसले, असे धरून पुढे जाऊ. बेपत्ता शब्द स्वतः भरायचा झाला, तर तिथे व्याकरणाने आणि अर्थाने एकच शब्द बसत असला पाहिजे. दोन शब्द बसत असतील तर थांबा.

दोन वाचने, मग प्रश्न

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. परिच्छेद संपला की तो कशाबद्दल होता ते चार-पाच शब्दांत मनाशी म्हणा. इथे पहिला परिच्छेद जागा आणि सुरुवात, दुसरा विणीचे टप्पे आणि मादीची पसंती, तिसरा माती आणि काजवे. एवढा नकाशा डोक्यात असला की प्रश्न वाचताच कोणत्या परिच्छेदात जायचे ते कळते.

मग सगळे प्रश्न वाचा आणि त्यानंतर उतारा दुसऱ्यांदा वाचा. या वेळी ओळींना पाच-पाचच्या टप्प्याने क्रमांक द्या आणि जोडणारे शब्द अधोरेखित करा. म्हणून, त्यामुळे, मात्र, पण, तरच, त्यानंतर, अशा ठिकाणी, बहुधा, असावी. कारण, क्रम, अट आणि खात्री या चारही गोष्टी मराठीत याच छोट्या शब्दांवर तोललेल्या असतात. नामे अधोरेखित करून फारसे काही हाती लागत नाही. पान रंगते एवढेच.

प्रश्न वाचताना प्रश्नार्थक शब्दाची जागा बघा. 'घरटे पाण्यावर का बांधले जाते?' हा कारणाचा प्रश्न आहे आणि 'घरटे पाण्यावर बांधले जाते का?' याचे उत्तर हो किंवा नाही असे सुरू होते. शब्द तेच, फक्त 'का' सरकला. घाईत वाचणाऱ्यांचे गुण इथे जातात.

प्रश्नाचेच वाक्य वळवून उत्तर

पूर्ण वाक्यात उत्तर लिहिण्याची सोपी रीत अशी : प्रश्नातले शब्द ठेवा, प्रश्नार्थक शब्द काढा आणि त्याच्या जागी, त्याच विभक्तीत, उत्तर बसवा. 'कोण' विचारले तर 'नर', 'कोणी' किंवा 'कोणाने' विचारले तर 'नराने', 'कोणाला' विचारले तर 'माद्यांना'. विभक्ती बदलली की क्रियापदही बदलते. 'नर घरटे विणतो' बरोबर आणि 'नराने घरटे विणले' बरोबर, पण 'नराने घरटे विणतो' असे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते. अर्धे वाक्य प्रश्नातून आणि अर्धे उताऱ्यातून जोडले की ही चूक होते. म्हणून जोडलेले वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

प्रश्न १. घरटे विणायला कोण सुरुवात करतो?

'सुगरण' हे नाव स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे न वाचता 'मादी' असे लिहिण्याचा मोह होतो. उताऱ्यात मात्र विणण्याच्या प्रत्येक क्रियेचा कर्ता 'नर' आहे. आपल्याला आधीपासून माहीत असलेले आणि उताऱ्यात छापलेले यांत फरक पडला, तर अपठित उताऱ्यात छापलेलेच धरायचे.

*उत्तर : घरटे विणायला सुगरण पक्ष्यातील नर सुरुवात करतो. पहिल्या परिच्छेदात 'डोक्यावर पिवळाधमक रंग चढलेला नर … विणायला सुरुवात करतो' असे म्हटले आहे.*

पुरावा कसा घेतला ते पाहा. लांब वाक्याचा लागणारा तेवढाच भाग घेतला आणि मधले गाळलेले तीन टिंबांनी दाखवले. पुरावा साधारण पाच ते दहा शब्दांचा असावा. अख्खे वाक्य उतरवले की त्यातला कोणता भाग उत्तराला आधार देतो हे तुम्हाला कळले की नाही, ते तपासणाऱ्याला दिसत नाही.

प्रश्न २. मादी विणीची पाहणी केव्हा करते?

'पाहणी' हा शब्द शोधला तर 'मादी येते, विणीची पाहणी करते' हे वाक्य सापडते, पण त्यात 'केव्हा' नाही. वेळ सांगणारे वाक्य तीन वाक्ये मागे आहे आणि मधला दुवा 'मग' या शब्दात आहे. उत्तर असे विखुरलेले असेल तर आधी घटना क्रमाने लावा. वीण अर्धी होते, घरटे टोपीसारखे दिसते, मग नर पंख फडफडवतो, मग मादी येते.

*उत्तर : वीण अर्धी होऊन घरटे टोपीसारखे दिसू लागते आणि नर पंख फडफडवून लक्ष वेधतो, तेव्हा मादी विणीची पाहणी करते. दुसऱ्या परिच्छेदातील 'वीण अर्धी होते तेव्हा' आणि त्यानंतरच्या 'मग नर पंख फडफडवून' या शब्दांवरून हा क्रम कळतो.*

'केव्हा'ला 'तेव्हा' जोडल्यामुळे वाक्य आपोआप पुरे झाले. तसेच 'का'ला 'म्हणून' किंवा 'कारण', 'कोठे'ला 'तेथे' अशा जोड्या हाताशी ठेवाव्यात.

प्रश्न ३. वसाहतीसाठी काटेरी झाड का निवडले जाते?

कारण विचारले आहे आणि पहिल्या परिच्छेदात 'कारण' किंवा 'म्हणून' एकदाही येत नाही. ज्यांनी फक्त हेच दोन शब्द शोधले, ते तिसऱ्या परिच्छेदातल्या 'वाऱ्यात घरटे स्थिर राहावे म्हणून' या वाक्यावर जाऊन पोहोचतात आणि मातीचे कारण झाडाला लावतात. खरा दुवा 'अशा ठिकाणी' हा आहे. 'अशा' म्हणजे कशा, हे मागच्या वाक्याला विचारा. काटेरी झाडाच्या किंवा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या.

*उत्तर : काटेरी झाडावर साप आणि इतर शत्रू सहज पोहोचू शकत नाहीत, म्हणून वसाहतीसाठी बहुधा असे झाड निवडले जाते. 'अशा ठिकाणी साप आणि इतर शत्रू सहज पोहोचू शकत नाहीत' या वाक्यातून हे कारण सूचित होते.*

इथे दोन शब्द जपून ठेवले आहेत. एक 'बहुधा'. तो गाळला तर 'नेहमीच काटेरी झाड' असा उताऱ्यात नसलेला अर्थ निघतो. दुसरा 'सहज'. शत्रू पोहोचूच शकत नाहीत असे उतारा म्हणत नाही. शिवाय शेवटी 'स्पष्ट होते' ऐवजी 'सूचित होते' लिहिले आहे, कारण लेखकाने कारण म्हणून ते थेट सांगितलेले नाही, शेजारी ठेवले आहे.

प्रश्न ४. 'नळी विणून ते पूर्ण करतो' यातील 'ते' हा शब्द कशासाठी आला आहे?

सर्वनामाचा प्रश्न मराठीत लिंग आणि वचन यांवरून सोडवता येतो. 'ते पूर्ण करतो' मधले 'ते' नपुंसकलिंगी एकवचन आहे. आधीच्या दोन-तीन वाक्यांतली नामे तपासा. नळी, जोडी, मादी आणि वीण स्त्रीलिंगी, पंख पुल्लिंगी, घरटे नपुंसकलिंगी. यांत एकच नाम उरते. 'लक्ष' हेही नपुंसकलिंगी आहे, पण ते जागेवर बसवून पाहिले की 'नळी विणून लक्ष पूर्ण करतो' असे निरर्थक वाक्य होते. आधी लिंग-वचन, मग शब्द बसवून पाहणे, अशा दोन चाळण्यांत उत्तर निघते.

*उत्तर : या वाक्यातील 'ते' हा शब्द 'घरटे' या नामासाठी आला आहे. त्याआधीच्या वाक्यात 'घरटे पसंत पडले' असा उल्लेख आहे आणि नळी विणून घरटेच पूर्ण केले जाते.*

प्रश्न ५. घरट्यातील काजव्यांमुळे पक्ष्यांना रात्री उजेड मिळतो का?

तिसऱ्या परिच्छेदात एकाच वाक्यात आधी लोकांचे म्हणणे येते आणि अर्धविरामानंतर 'पण' येतो. फोटोत अर्धविराम पूर्णविरामासारखा दिसला की वाचणारा तिथेच थांबतो आणि ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहितो. उताऱ्यात कोण काय म्हणते आहे, याची वेगळी नोंद करा : 'असे लोक सांगतात' हे लोकांचे, 'असा अभ्यासकांचा अंदाज आहे' हे अभ्यासकांचे, आणि 'पुरावा मिळालेला नाही' हे लेखकाचे.

*उत्तर : नाही, काजव्यांमुळे उजेड मिळतो असे उताऱ्यावरून म्हणता येत नाही. मातीत काजवे बसवले जातात 'असे लोक सांगतात; पण त्याला पुरावा मिळालेला नाही' असे लेखकाने म्हटले आहे.*

'मिळत नाही' असे न लिहिता 'म्हणता येत नाही' असे लिहिले आहे. पुरावा नसणे आणि गोष्ट खोटी ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि उतारा पहिलीच सांगतो. याच कारणाने मातीबद्दल प्रश्न आला तर 'माती घरटे स्थिर ठेवते' असे ठाम लिहू नये. 'स्थिर राहावे म्हणून माती असावी, असा अंदाज आहे' असेच लिहावे.

प्रश्न ६. झाडावर टोपीसारखे अर्धवट घरटे दिसले, तर त्यावरून काय अनुमान काढता येईल?

अनुमानाच्या प्रश्नाचे उत्तर एका जागी छापलेले नसते, दोन विधाने जोडून ते काढावे लागते. पहिले विधान, नळी जोडी जमल्यानंतरच विणली जाते. दुसरे, नापसंत घरटी बहुधा अर्धवट राहतात. यावरून 'मादीला ते पसंत पडले नाही' असे लिहून बहुतेक जण मोकळे होतात. पण उताऱ्यात अजून एक शक्यता आहे. निम्म्या विणीपर्यंत पोहोचायलाच सुमारे ८ दिवस लागतात आणि मादी त्यानंतर येते. म्हणजे ते घरटे अजून पाहणीची वाट बघत असू शकते, किंवा जोडी जमून नळीचे काम सुरू व्हायचे असू शकते.

*उत्तर : टोपीसारखे अर्धवट घरटे दिसले, तर ते मादीला नापसंत झालेले असावे किंवा त्याचे काम अजून चालू असावे, असे अनुमान काढता येते. 'नापसंत झालेली घरटी मात्र बहुधा अर्धवटच लटकत राहतात' हा पहिल्या शक्यतेचा आधार आहे, तर 'वीण अर्धी होते तेव्हा घरटे टोपीसारखे दिसते' हा दुसऱ्या शक्यतेचा.*

अनुमानात 'असावे' आणि 'असे अनुमान काढता येते' ही शब्दयोजना मुद्दाम ठेवायची. प्रत्येक शक्यतेसमोर तिचा पुरावा ठेवता आला नाही, तर ती शक्यता उत्तरातून काढून टाकायची. 'वाऱ्याने घरटे तुटले असेल' हे घडू शकते, पण त्याला उताऱ्यात एका शब्दाचाही आधार नाही.

उत्तरे लिहून झाली की फोटो पुन्हा उघडा, मोठा करा आणि फक्त अवतरणचिन्हांतले शब्द एकेक करून ताडून पाहा. अवतरणातला अनुस्वार, 'च' आणि आकडा मूळ पानाशी तंतोतंत जुळला पाहिजे. स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या भागाभोवती अवतरणचिन्हे चुकून पडली असतील तर ती काढा. प्रश्नक्रमांकही याच वेळी तपासा. फोटो वरखाली सरकवत लिहिताना एखादा प्रश्न नजरेतून सुटतो आणि पुढची सगळी उत्तरे एकेक क्रमांकाने घसरतात.